दुभाष्यामार्फत फोनवर बोलताना

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकच्या हॉटेलांत परदेशी पाहुणा आता नवलाईचा राहिलेला नाही. कुणी द्राक्षबागा आणि वाइनरी पाहायला येतो, कुणी पांडवलेणी बघायला, कुणी अंबड किंवा सिन्नरच्या कारखान्यात मशीन बसवून द्यायला. 2027 च्या सिंहस्थात ही वर्दळ आणखी वाढेल. यातल्या बऱ्याच जणांचं इंग्रजी ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘थँक यू’च्या पुढे जात नाही. समोर उभा असेल तर हातवारे तरी करता येतात. फोनवर तेही नसतं. अशा वेळी दुभाष्याला लाइनवर घ्यावं लागतं आणि तिघांचं बोलणं सुरू होतं. आज त्याबद्दल बोलतो, आणि रिसेप्शनवर काम करणाऱ्या मंडळींनी जरा कान देऊन ऐकावं.

एकच प्रसंग घेऊ. समजा, एक जपानी इंजिनिअर रात्री तुमच्या हॉटेलात उतरलाय. सकाळी सातला त्याला सिन्नरला न्यायला गाडी येणार आहे. तुमचा नाश्ता मात्र साडेसातला सुरू होतो. आणि बुकिंगच्या मेलमध्ये एक ओळ आहे, की त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. मराठी स्वयंपाकघरात याहून अवघड अडचण कुठली? पोह्यात दाणे, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, चटणीत तर दाणेच दाणे.

पाहुण्याच्या खोलीत फोन लावण्याआधी दुभाषी ताईंना लावा. त्या पुण्याच्या आहेत असं धरू, कारण जपानी शिकलेली माणसं तिथे भरपूर सापडतात. त्यांना मिनिटभरात सांगून टाका: पाहुण्याचं नाव, खोली नंबर, विषय दोन, सकाळची गाडी आणि शेंगदाणे. ‘कूट’, ‘घाण्याचं तेल’ हे शब्द येणार आहेत, हेही आधीच सांगा, म्हणजे ऐनवेळी त्या अडखळणार नाहीत. मग पाहुण्याला लाइनवर घ्या. पहिलं वाक्य, तुम्ही कोण. दुसरं, दुभाषी लाइनवर आहेत. तिसरं, बोलायला थोडा जास्त वेळ लागेल. प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जाते, त्यामुळे पाच मिनिटांचं काम दहा मिनिटांवर जातंच. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच फोन उचला.

आता आपण एरवी कसे बोलतो बघा. ‘सर, असं आहे, उद्या तुमची गाडी सातला आहे पण आपला ब्रेकफास्ट साडेसातला असतो, तर आम्ही पॅक करून देऊ शकतो, फक्त ते शेंगदाण्याचं काय करायचं ते सांगा.’ एका दमात चार गोष्टी. दुभाषी कितीही हुशार असल्या तरी एखादी निसटणारच, आणि नेमकी वेळ निसटते. तेच तोडून बोला. ‘तुमची गाडी उद्या सकाळी सात वाजता येईल.’ थांबा. भाषांतर होऊ द्या. ‘आमचा नाश्ता साडेसातला सुरू होतो.’ थांबा. ‘म्हणून आम्ही नाश्ता डब्यात भरून देऊ. चालेल का?’

हे थांबणं सगळ्यात जड जातं. लाइनवर दोन सेकंद शांतता झाली की आपल्या तोंडून ‘हॅलो? हॅलो?’ निघतंच. मोबाइलवर दोघं एकदम बोलले की एकाचा आवाज कापला जातो, म्हणजे तुमच्या ‘हॅलो’खाली ताईंचं अर्धं वाक्य गेलं. शांतता असू द्या. आणि बोलायचं पाहुण्याशी, ताईंशी नव्हे. ‘त्यांना विचारा, किती वाजता उठतात’ असं नको. ‘तुम्ही किती वाजता उठता?’ असं थेट. ताईही पाहुण्याच्या वतीने ‘मी सहाला उठतो’ असंच म्हणतील. त्यांना स्वतःला काही विचारायचं असेल, तर चांगल्या दुभाषी ‘दुभाषी विचारतेय’ असं आधी सांगतात. कोण बोलतंय याचा घोळ होत नाही.

वेळ सांगताना पावणे, सव्वा, दीड, अडीच हे घरात ठेवा. ‘पावणेसात’ऐवजी ‘सहा पंचेचाळीस’. खोली नंबर सुटा सुटा, ‘चार, शून्य, दोन’. तारीख असेल तर महिन्याचं नाव घ्या, कारण जपानमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहितात.

आता खरी गोम. तुम्ही बोलत असताना पलीकडून ‘हाय, हाय’ ऐकू येईल. जपानी माणूस ऐकतोय एवढंच त्यातून कळतं. त्याला समजलं किंवा पटलं, असं नाही. म्हणून ‘समजलं का?’ हा प्रश्नच विचारू नका, त्याला कुठल्याही भाषेत उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी म्हणा, ‘माझ्याकडून नीट सांगितलं गेलं ना, ते मला बघायचंय. उद्या गाडी किती वाजता आहे, ते तुम्ही सांगाल?’ पाहुण्याने ‘सात वाजता, आणि नाश्ता डब्यात’ असं स्वतः म्हटलं, की काम झालं. त्याच्या तोंडून ‘साडेसात’ आलं, तर घोटाळा कुठे झाला ते तिथल्या तिथे सापडतं. सकाळी गाडीपाशी सापडण्यापेक्षा हे बरं.

शेंगदाण्याचं मात्र एका प्रश्नात भागत नाही. ‘शेंगदाणे चालत नाहीत ना?’ असा नकार घालून विचारलं, तर ‘हो’ म्हणजे नक्की काय, हे कुणालाच कळत नाही. मोकळं विचारा: ‘शेंगदाणे खाल्ले तर काय होतं?’ तोंडाला खाज सुटते म्हणाला, की घसा सुजतो, श्वास अडकतो म्हणाला, ते शब्दशः लिहून घ्या. मग ‘शेंगदाण्याचं तेल चालतं का?’ हे वेगळं विचारायचं, कारण रिफाइंड तेलातले दाण्याचे प्रथिनांश जवळपास निघून जातात, घाण्याच्या तेलात ते राहतात. तिसरा प्रश्न, ‘इंजेक्शन किंवा औषध बरोबर आहे का, कुठे ठेवलंय?’ उत्तर अर्धवट आलं तर डब्यात उकडलेली अंडी, फळं, टोस्ट एवढंच द्या. पोहे दाण्यांशिवाय करता येतात, पण सुरी, झारा, कढई तीच असते, त्यामुळे मी तरी तो धोका पत्करणार नाही.

काही खुणा ओळखायला शिका. तुमचं लांब वाक्य गेलं आणि तिकडून दोन शब्द परत आले. किंवा ताई आणि पाहुणा मिनिटभर आपसात बोलले आणि तुम्हाला फक्त ‘हो म्हणतात’ एवढंच मिळालं. तिथेच शांतपणे म्हणा, ‘ताई, मधलं बोलणं मला पूर्ण सांगाल का?’ यात राग यायचं कारण नाही. पाहुणा मध्येच इंग्रजीत ‘ओके, ओके, नो प्रॉब्लेम’ म्हणाला तर हसून ‘थँक यू’ म्हणा, पण वेळ आणि जेवण पुन्हा ताईंमार्फतच पक्कं करा.

पाहुण्याने फोन ठेवला तरी ताईंना मिनिटभर थांबवा. त्यांना कुठे शंका वाटली, तेव्हाच विचारा. मग दोन चिठ्ठ्या लिहा. पाहुण्याच्या खोलीत आकड्यांत जाईल: 07:00, गाडी, रिसेप्शन. किचनमध्ये ठळक जाईल: खोली 402, शेंगदाणे नाहीत, कूट नाही, घाण्याचं तेल नाही. आणि रात्रपाळीवाल्याला एवढं तोंडी सांगून ठेवा, की या पाहुण्याचा श्वास अडकला तर दुभाषीला शोधत बसू नकोस. आधी 108 ला फोन लाव, त्याचं इंजेक्शन त्याच्या हातात दे, ताईंना नंतर उठव.