फोटोतला खोटा मासा

(दृश्य: मोबाइलचा पडदा. वर्तमानपत्रावर पसरलेला जुना पत्र्याचा डबा.)

पावसाळा सरता सरता असे फोटो यायला लागतात. माळा साफ करताना कुणाला तरी मासेमारीच्या सामानाचा डबा सापडतो, आणि खाली एकच ओळ असते: "हे काय आहे, आणि याला काय लागतं?"

हा फोटो रेवदंड्याजवळून आलाय. पाठवणारा पंचविशीतला आहे, डबा त्याच्या आजोबांचा. वर्तमानपत्रावर चार प्रकारच्या वस्तू मांडल्यात: रंग उडालेला प्लॅस्टिकचा मासा, शिशाचा एक अंडाकृती गोळा, शिशाच्याच लहान लहान नळ्या आणि एक रीळ. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलंय. पोराला कुणीतरी बरं शिकवलं असावं, कारण नाणं नसतं तर निम्मं उत्तर तिथेच अडलं असतं.

(दृश्य: प्लॅस्टिकचा मासा, जवळून.)

नजर आधी रंगावर जाते. हिरवी पाठ, चंदेरी पोट, लाल डोळा. हे सगळं तूर्त सोडून द्या. दुकानातला निम्मा रंग माशासाठी नसतो, माणसासाठी असतो. ल्यूर, म्हणजे माशाला भुलवायचा असा खोटा मासा, ओळखायचा तर पहिला प्रश्न एकच: तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, कुठे बांधायचा? बांधायची कडी पाठीवर असेल, अंग चपटं असेल आणि जीभ नसेल, तर तो बुडणारा, थरथरत येणारा प्रकार. कडी तोंडाशी, तोंड वाटीसारखं खोल आणि जीभ नाही, तर तो पाण्याच्या वरच खळबळ करणारा पॉपर. आपल्या फोटोत कडी अगदी नाकावर आहे, आणि नाकाखाली पारदर्शक प्लॅस्टिकची एक छोटी जीभ आहे. तिथेच सगळं उत्तर दडलंय.

ओढायला लागलं की पाणी या जिभेवर आपटतं आणि माशाचं डोकं खाली दाबतं. दाब कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकतो, म्हणून तो खोटा मासा शेपूट हलवल्यासारखा डोलतो. जीभ लांब असेल आणि अंगाच्या रेषेतच पुढे आलेली असेल, तर तो खोल जातो, चार-पाच मीटर किंवा त्याहून जास्त. अशा ल्यूरची कडी बहुतेक वेळा नाकावर नसते, जिभेवरच बसवलेली असते. जीभ आखूड असेल आणि हनुवटीसारखी खाली वळलेली असेल, तर तो वरच्या मीटरभर पाण्यातच राहतो. आपला दुसऱ्या जातीतला.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एका मित्राने असाच फोटो पाठवला होता, पण समोरून, जरा तिरका. त्या कोनातून लांब जीभसुद्धा आखूड दिसते, कारण ती कॅमेऱ्याच्या दिशेनेच आलेली असते. मी बेधडक सांगितलं, वरच चालणारा आहे, खडकांवरून ओढ. त्याने ओढला. तिसऱ्याच फेकीला ल्यूर खाली गेला आणि कालवं लागलेल्या खडकात असा बसला की तंगूस कापावा लागला. तेव्हापासून मी बाजूने काढलेला फोटो मागतो. मासा ताटात आडवा वाढतात तसा, आणि कॅमेरा बरोबर त्याच्या वर.

(दृश्य: ल्यूर आणि नाणं, शेजारी शेजारी.)

आता नाणं. दहाच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर. पडद्यावर मोजलं तर ल्यूर जीभ सोडून पावणेचार नाण्यांएवढा भरतो, म्हणजे 10 सेंटिमीटर. मोजताना एक पाहायचं: नाणं आणि वस्तू दोन्ही फोटोच्या मधोमध हव्यात. मोबाइलचा कॅमेरा जवळून फोटो काढताना कडेच्या गोष्टी ताणतो.

10 सेंटिमीटर, अंग सडपातळ, जीभ आखूड, पोटाखाली तीन तोंडांचे दोन गळ. म्हणजे बोयट माशाच्या पिल्लाची नक्कल. खाडीत उथळ पाण्यातून बोयटाच्या मागे कोण येतं? रायगडात हा प्रश्न विचारायची गरज नाही. जिताडा.

जिताडा दबा धरून बसणारा मासा आहे. कांदळवनाच्या मुळ्या, पुलाचे खांब, नाला जिथे खाडीला मिळतो ती कड, अशा आडोशाला तो थांबतो. ओहोटीला पाणी खेचलं की नाल्यातली बारीक मासळी आपसूक त्याच्या तोंडासमोरून जाते, आणि तो भलंमोठं तोंड उघडून ती पाण्यासकट आत ओढून घेतो. म्हणून वरच्या मीटरभर पाण्यात, आडोशाच्या कडेकडेने, सावकाश ओढायचा हा ल्यूर त्याला नेमका बसतो. हाच ल्यूर होडीमागे बांधून सुरमईसाठी समुद्रात नेला तर उपयोग कमी. तिथे वेग जास्त लागतो आणि बऱ्याचदा खोलीही. मग लांब जिभेचा आणला पाहिजे.

या अंदाजाला ल्यूरवरच एक पुरावा आहे. फोटो मोठा करून बघा.

(दृश्य: ल्यूरच्या पाठीवरचे ओरखडे.)

रंग कमरेजवळ उडालाय, पण तो कापल्यासारखा नाही, घासल्यासारखा आहे. काचकागद फिरवावा तसा. सुरमईचे दात पात्यासारखे असतात, तिने धरलेल्या ल्यूरवर सरळ, खोल चिरा पडतात. जिताड्याच्या तोंडात असे कापणारे दात नाहीत, खरखरीत पट्टे असतात. कापते ती त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड, आणि ती तंगूस कापते, ल्यूर नाही. म्हणून पुढचा हातभर तंगूस जाड लावतात. पोटावर जे उभे ओरखडे दिसतायत त्यांच्यावरून मात्र काही ठरवू नका. ते बहुधा खडकाचे आहेत. खडक आधी जीभ आणि पोटच घासतो.

जाता जाता एक गंमत. असा मासा आज ज्याच्या नावाने जगभर ओळखला जातो, त्या फिनलंडच्या लॉरी रापालाने पहिला ल्यूर 1936 साली बुचातून कोरला. वर चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटवला, आणि पाणी शिरू नये म्हणून लेप दिला तो फोटोच्या निगेटिव्ह वितळवून. म्हणजे फोटोचं आणि ल्यूरचं नातं तसं जुनंच आहे.

(दृश्य: शिशाचा गोळा आणि नळ्या.)

पुढे शिसं. अंड्याच्या आकाराच्या गोळ्याला आरपार भोक आहे. तंगूस या भोकातून मोकळा सरकतो. गोळा तळावर पडून राहतो, मासा आमिष उचलून चालायला लागतो, आणि त्याला वजनाची ओढ जाणवत नाही. तळाशी कोलंबी लावून शिंगाळा, तांबोशी असे मासे गरवणाऱ्यांचं, म्हणजे गळाने पकडणाऱ्यांचं, हे वजन. ल्यूरशी त्याचा काही संबंध नाही.

गोळा किती ग्रॅमचा, हे फोटोवरून सांगता येतं, आणि मला हे गणित आवडतं. लांबी एक नाणं, म्हणजे 2.7 सेंटिमीटर. जाडी 1.6. लांबी गुणिले जाडी गुणिले जाडी, साधारण 6.9. त्याचं निम्मं 3.45. शिसं पाण्याच्या अकरापटीहून थोडं जास्त जड असतं, म्हणून गुणिले 11. उत्तर 38 ग्रॅम. अंडाकृतीचं खरं घनफळ निम्म्याहून किंचित जास्त भरतं, पण भोकात तेवढं शिसं कमीच असतं, त्यामुळे हिशेब जुळतो. फक्त तो गोळा शिशाचाच हवा. फोटोत करडा दिसणारा गोळा लोखंडाचाही असू शकतो. तेव्हा मी एकच सांगतो: चुंबक लावून बघ, आणि नख मार. शिशावर नखाचा ओरखडा उठतो. नंतर हात धू.

आता त्या नळ्या. पोराने लिहिलं होतं, "छोटी वजनं, नऊ आहेत." नऊच्या नऊ एका मापाच्या, बोटाच्या पेराहून लहान, आणि प्रत्येकीच्या अंगावर लांबीभर एक शिवण, म्हणजे शिशाची पट्टी वळवून केलेल्या. गरवणारा माणूस एकाच मापाची नऊ वजनं सहसा ठेवत नाही. त्याला प्रवाहाप्रमाणे हलकी-जड लागतात. ही पागाची, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याची, वजनं आहेत. पाग फेकला की घेराला ओवलेल्या अशा नळ्या त्याला पटकन तळाशी नेतात. एकेकटी पाहिली तर आरपार भोकामुळे गळाच्या वजनासारखी वाटते. संख्या पाहिली की कळतं.

(दृश्य: रीळ, समोरून आणि बाजूने.)

राहिलं रीळ. इथे पोराने चांगलं केलं, दोन फोटो दिले. तंगूस गुंडाळायचं चाक रॉडच्या आडवं आहे की रॉडच्या रोखाने, एवढंच पाहायचं. आडवं असेल तर फेकताना चाक स्वतः फिरतं. हलक्या ल्यूरची ओढ ते फिरवायला पुरत नाही, किंवा फिरलं की थांबत नाही, आणि डोक्याएवढा गुंता होतो. आपलं चाक रॉडच्या रोखाने आहे आणि त्याच्यावर तारेचं अर्धं कडं आहे. फेकताना हे कडं उघडतात, चाक जागचं हलत नाही आणि तंगूस वेटोळ्यांनी सुटतो. पंधराएक ग्रॅमचा ल्यूर लांब जायला हेच हवं.

चाकाच्या कडेवर बारीक अक्षरं आहेत: 0.35-200. म्हणजे 0.35 मिलिमीटर जाडीचा तंगूस 200 मीटर मावतो. खाडीतल्या जिताड्याला पुरेसं, होडीमागच्या सुरमईला कमी. रिळांवर 2500, 4000 असे मोठे आकडे असतात, पण कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. तंगुसाचं माप जास्त खरं बोलतं.

तर डबा एक, पण कामं तीन. ल्यूर आणि रीळ एका हाताचं, गोळा तळावर गरवण्याचा, आणि नळ्या पागाच्या.

एक गोष्ट मात्र फोटोतून कळत नाही: ल्यूर तरंगणारा आहे की बुडणारा. दोन्ही दिसायला जुळे असतात. मी त्याला कळवलं, गंजलेले गळ काढू नकोस, आहेत तसे ठेव, कारण त्यांचं वजनही हिशेबात आहे. खाडीचंच पाणी बादलीत घे आणि बोटाने ल्यूर तळाला दाबून सोड.

(दृश्य: निळी बादली. बोट. ल्यूर हळूहळू वर येतो.)

तरंगला. म्हणजे मुळ्यांजवळ अटकला असं वाटलं की ओढायचं नाही, तंगूस सैल सोडायचा. बऱ्याचदा तो स्वतःच वर येतो. आता गळ बदलायचे, त्याच मापाचे आणि खाऱ्या पाण्याचे, आणि पुन्हा एकदा बादली करायची. नवे गळ जड निघाले तर तरंगणारा ल्यूर बुडायला लागतो.

संध्याकाळी त्याचा आणखी एक फोटो आला. पडवीत खुंटीला टांगलेला पाग. घेर मोजला होता त्याने. अकरा जागा रिकाम्या.

"नऊ मिळाल्या," त्याने लिहिलं होतं, "दोन शोधतोय."