दरी तिरकी झाली की काय होतं

तर फळ्यावर f = (x² + 100y²)/2 लिहिलंय ना, त्याचा आकार म्हणजे लांबलचक अरुंद दरी, y च्या दिशेने उभे कडे आणि x च्या दिशेने जवळपास सपाट. ग्रेडियंट डिसेंटने, म्हणजे दर स्टेपला उताराच्या दिशेने सरकत, (1, 1) पासून तळाकडे (0, 0) ला निघू. ग्रेडियंट येतो (1, 100). आता बघा, दोन्हीकडे अंतर सारखंच कापायचंय, पण ग्रेडियंटला फक्त y दिसतोय.

स्टेप 0.02 च्या वर नेली की y दर वेळी फुगतो आणि थोड्या वेळाने स्क्रीनवर nan, म्हणून आपण 0.018 घेऊ. y ला दर वेळी −0.8 ने गुणलं जातं, म्हणजे या कड्यावरून त्या कड्यावर उड्या, पण 21 स्टेपमध्ये तो शंभरावर एक भाग उरतो. x ला गुणलं जातं 0.982 ने, त्याला तेवढंच करायला 254 स्टेप लागतात! अडलंय ते x मुळे, आणि स्टेप वाढवू देत नाही तो y.

गणितज्ञ पोल्याकने 1964 मध्ये सुचवलेला उपाय, म्हणजे मोमेंटम, असा की मागच्या स्टेपचा काही हिस्सा पुढच्या स्टेपमध्ये टाकायचा. खाली w म्हणजे आपली जागा, g ग्रेडियंट आणि v वेग, जो सुरुवातीला शून्य.

```
v = 0.8*v - 0.018*g
w = w + v
```

हाताने करून बघा, y जातो 1, −0.8, −0.8, 0.64, 0.64, −0.512 असा. x च्या बाबतीत मात्र ग्रेडियंट दर वेळी एकाच बाजूला ढकलतो त्यामुळे वेग साचत जातो, फार तर पाचपटीपर्यंत. 28 व्या स्टेपला x शून्य ओलांडून पलीकडे जातो, −0.018 च्या आसपास, मग परत फिरतो, आणि साधारण 46 स्टेपमध्ये दोघंही 0.01 च्या आत. पण म्हणून 0.8 चं 0.99 करू नका, झोके इतके हळू विरतात की 900 च्या वर स्टेप जातात, म्हणजे साध्यापेक्षाही वाईट. लॉस लाटांसारखा वरखाली होत असेल तर आधी हाच आकडा बघा.

दुसरा मार्ग आरएमएसप्रॉपचा. प्रत्येक अक्षाचा ग्रेडियंट त्याच्याच अलीकडच्या सरासरी आकाराने भागायचा. 1 ला 1 ने, 100 ला 100 ने, झाली की दरी गोल. इथे हे मोमेंटमपेक्षाही भारी वाटतं, आणि मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं.

आता हीच दरी 45 अंशांत फिरवा. सपाट दिशेचा ग्रेडियंट 1, उभ्या दिशेचा 100, पण दोन्ही दिशा आता तिरक्या, म्हणून अक्षांवर येतात साधारण 71 आणि −70. भागा की आता! दोघांना जवळपास सारखंच भागलं जातं, दरी होती तेवढीच अरुंद राहते. मोमेंटमला अक्ष कुठे आहेत याच्याशी देणंघेणंच नाही, त्याचे ते 46 तसेच राहतात. अॅडममध्ये दोन्ही गोष्टी एकत्र असतात, त्यामुळे तुमच्या प्रॉब्लेममध्ये काम नेमकं कोण करतंय हे बघायचं असेल तर त्यातला मोमेंटमचा आकडा beta1 शून्य करून एकदा परत रन मारा.