लॉगबुकात न सापडलेली ९० मिनिटं: पॅकिंग लाईनचा ओईई

नमस्कार मंडळी. आज एका मसाला पॅकिंगच्या लाईनवर जाऊ. १०० ग्रॅमचा मिरची पावडरचा पाऊच. मशीन वरून फिल्म ओढते, तिची नळी करते, ऑगर नावाचा फिरता स्क्रू त्यात मसाला सोडतो आणि दोन गरम जॉ तोंड दाबून सील करतात. मशीनचा ठरलेला वेग मिनिटाला ६० पाऊच.

शिफ्ट आठ तासांची. जेवणाचा अर्धा तास वजा केला की ४५० मिनिटं उरतात. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर २७,००० पाऊच निघायला हवेत. त्या दिवशी चांगले पाऊच निघाले १५,७१४. भागून बघा, ५८.२ टक्के. हाच त्या लाईनचा ओईई, म्हणजे ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस.

पण हा आकडा उरलेलं ४२ टक्के कुठे गेलं ते सांगत नाही. त्यासाठी त्याचे तीन भाग पाडायचे.

पहिला भाग, मशीन किती वेळ चालली. हे लॉगबुकात असतं. फिल्मचा रोल तीनदा बदलला, २४ मिनिटं. मसाला बदलताना हॉपर साफ केला, ३६ मिनिटं. जॉचा हीटर गेला, ३० मिनिटं. एकूण ९० मिनिटं बंद, ३६० मिनिटं चालू. उपलब्धता ८० टक्के.

क्वालिटी सोपी आहे. काउंटरवर १६,२०० पाऊच, त्यातले ४८६ लीक किंवा कमी वजनाचे. म्हणजे ९७ टक्के. एक काळजी घ्या: खराब पाऊच फोडून मसाला परत हॉपरात टाकला, तरी तो पाऊच रिजेक्टच धरायचा. मसाला वाचतो, मशीनचा वेळ आणि फिल्म गेलेलीच असते.

आता वेग. ३६० मिनिटं मशीन चालू होती, तर २१,६०० पाऊच व्हायला हवे होते. झाले १६,२००. म्हणजे ७५ टक्के. कमी पडले ५,४०० पाऊच, आणि ६० च्या वेगाने तेवढे पाऊच म्हणजे बरोबर ९० मिनिटं. मशीन बंद राहून जेवढा वेळ गेला, तेवढाच वेळ ती चालू असताना गेला. बंदच्या ९० मिनिटांचा हिशेब लॉगबुकात आहे. या ९० मिनिटांची तिथे एक ओळही नाही.

[स्क्रीनवर: ०.८० × ०.७५ × ०.९७ = ०.५८२]

ही मिनिटं शोधायला मी स्टॉपवॉच घेऊन तासभर मशीनशेजारी उभा राहिलो. मशीन नऊ वेळा थांबली, प्रत्येक वेळी साधारण ४० सेकंद. कधी सेन्सरने फिल्मवरची खूण चुकवली, कधी पाऊच कन्व्हेअरच्या तोंडाशी अडकला. ऑपरेटर हात घालून सोडवतो आणि पुन्हा चालू करतो. ४० सेकंदांचं कोण लिहून ठेवणार? पण तासाला सहा मिनिटं गेली.

तरीही हा नुकसानीचा ४० टक्केच भाग होता. मोठा भाग समोर स्क्रीनवर दिसत होता: वेग ५० वर लावलेला.

मी विचारलं, “दादा, ५० का?”

“साहेब, ६० वर टाकलं की सील सुटतंय.”

एक पाऊच उजेडात धरला. सीलच्या आत लाल पावडरची बारीक रेघ होती. ऑगर थांबल्यावरही शेवटची चिमूट खाली पडत राहते, आणि जॉ तिच्यावरच मिटतात. वेग कमी केला की पावडर खाली बसायला थोडा वेळ मिळतो, सील धरतं. म्हणजे क्वालिटीचं नुकसान वेगाच्या खात्यात जाऊन बसलं होतं, आणि कागदावर क्वालिटी ९७ टक्के दिसत होती.

इथेच बरेच जण एक चूक करतात. “आमची मशीन ५० वरच चालते” म्हणून हिशेबातही ५० धरतात. मग वेग ९० टक्के दिसतो आणि ओईई ५८ वरून थेट ७० वर जातो. पाऊच मात्र तेवढेच, १५,७१४. म्हणून वेग नेहमी मशीनचा ठरलेला धरा.

इथे उपाय ऑगरच्या तोंडाशी आहे. तिथलं शटर ऑगर थांबताच बंद होतंय का, ते आधी पाहायचं. मग वेग ५२, ५४ असा दोन-दोनने वाढवायचा, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडे पाऊच पाण्यात बुडवून, वरची हवा ओढून, बुडबुडे येतात का ते बघायचं. जॉचं तापमान वाढवायची घाई करू नका. फिल्म आकसते, पावडर तिथेच राहते.