सहा सेकंद, छत्तीस मीटर : कोल्हापूरची कार्ट आणि बदलतं त्वरण

(मैदान. चुन्याची रेघ. कार्ट रेघेवर उभी.)

कोल्हापूरच्या जरा बाहेरचं हे मैदान, सकाळी सातची वेळ, आणि पाइपांची ही जी चौकट चार चाकांवर उभी आहे ती इंजिनिअरिंगच्या पोरांनी बनवलेली बॅटरीवरची गो-कार्ट. वेल्डिंग उद्यमनगरात मारून आणलंय, सीट कुठनं आणली ते पोरं सांगत नाहीत. सीटच्या मागं चिकटपट्टीनं एक फोन सपाट बसवलाय, त्याची लांबी बरोबर पुढच्या दिशेला. फोनवर फायफॉक्स नावाचं फुकटचं अ‍ॅप चालू आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं, आणि ते सेकंदाला शंभर वेळा त्वरण लिहून घेतंय. फक्त त्वरण. वेग नाही, अंतर नाही.

(फोनवर बोटानं टिचकी, क्लोजअप.)

ही टिचकी उगाच नाही. फोनच्या आलेखात तिचा एक टोकदार सुळका येतो आणि आपल्या कॅमेऱ्यात तिचा आवाज येतो, म्हणजे दोन्ही घड्याळं नंतर जुळवता येतात.

(कार्ट सुटते.)

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. बघितलंत? सुटताना चालवणारीची मान मागं गेली, सहाव्या सेकंदाला मान एकदम सरळ. कार्ट तेव्हा सगळ्यात जोरात पळतेय पण तिला आता ढकलणारं काही उरलेलं नाही. मोटरचा वेग वाढला की तिच्यात उलटा व्होल्टेज तयार होतो, करंट कमी होतो, जोर कमी होतो, आणि उरलेला जोर चाकांचं घर्षण आणि हवा खाऊन टाकतात.

(व्हाइटबोर्ड. उतरती रेघ.)

फोनमधला आलेख गुळगुळीत करून काढला तर तो साधारण असा दिसतो. सुरुवातीला ३ मीटर प्रति सेकंद वर्ग, मग उतरत उतरत सहाव्या सेकंदाला शून्य. खरी रेघ थोडी बाकदार असते पण सरांनी पट्टी ठेवून सरळ मारली, आणि बोर्डावर लिहिलं :

a = 3 − 0.5t

आता प्रश्न एवढाच, सहा सेकंदानंतर कार्टचा वेग किती आणि ती रेघेपासून किती लांब गेली.

(तिघं विद्यार्थी बोर्डापाशी.)

हा भाग आम्ही कापलेला नाही, पूर्ण ठेवलाय. पहिल्यानं v = u + at काढलं आणि सुरुवातीचं ३ घातलं, उत्तर आलं १८ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ६५ किलोमीटर. ज्यानं बॅटरी बसवली तोच हसायला लागला. दुसऱ्यानं शेवटचं त्वरण घातलं, शून्य. शून्य गुणिले सहा शून्य, म्हणजे भन्नाट पळणारी कार्ट कागदावर जागेवरच उभी. तिसरी म्हणाली सरासरी घ्या की, दीड. दीड गुणिले सहा, ९ मीटर प्रति सेकंद, ताशी ३२ च्या वर थोडं. हे बरोबर आहे. मग तिनं त्याच दीडवर ½at² चालवलं, २७ मीटर आले, आणि हे चुकलं.

क्लासमध्ये गतीची तीन समीकरणं पाठ करून घेतात, ही दोन त्यातलीच, पण त्यांच्यावर "त्वरण स्थिर असेल तरच" ही पाटी असते ती कुणी वाचून दाखवत नाही. पाटी वाचली नाही तर वेग बरोबर आणि अंतर नऊ मीटरनं चूक, असला विचित्र निकाल लागतो आणि पोरगं दिवसभर बेरीज तपासत बसतं.

(आलेखवही, पेन्सिल. वरून शॉट.)

हे काम आम्ही मुद्दाम हातानं करून घेतलं, आणि शूटिंगमधला सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला. आडवा एक सेंटीमीटर म्हणजे एक सेकंद, उभा एक सेंटीमीटर म्हणजे ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण. मग एक चौकोन म्हणजे अर्धा गुणिले एक, ०.५ मीटर प्रति सेकंद एवढा वेग. चौकोन मोजायचे, बास. पहिल्या सेकंदाच्या पट्टीत साडेपाच चौकोन, म्हणजे वेग २.७५. दुसऱ्या पट्टीत साडेचार, त्याचे २.२५, एकूण ५. पुढं साडेतीन, अडीच, दीड, अर्धा. बेरीज करत गेलो की वेग ६.७५, ८, ८.७५ आणि शेवटी ९. एकूण अठरा चौकोन.

इंटिग्रेशन म्हणजे हेच, त्वरणाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ. बोर्डावर तेच एका ओळीत होतं :

v = 3t − 0.25t²

t च्या जागी ६ घाला, १८ वजा ९, परत ९ च.

(दुसरं पान. वेगाचा आलेख.)

आता मोजलेले वेग दुसऱ्या पानावर मांडायचे आणि त्यांच्या खालचं क्षेत्रफळ काढायचं, की अंतर येतं. बिंदू सरळ रेघांनी जोडले तर ३५.७५ मीटर येतात. पण वेगाची रेघ वाकडी आहे, तिचा फुगवटा जोडरेघेच्या वर राहतो, आणि त्या चिंचोळ्या फटींमध्ये पाव मीटर दडलेला आहे. बोर्डावर :

x = 1.5t² − t³/12

सहा सेकंदाला ५४ वजा १८, ३६ मीटर.

मग दीड सरासरी घेऊन २७ च का आले? कारण त्यात त्वरण कधी मिळालं ते बघितलेलंच नाही. बँकेतली आरडी घ्या, पहिल्या महिन्याच्या हप्त्यावर सगळ्यात जास्त दिवस व्याज मिळतं आणि शेवटच्यावर जेमतेम. पहिल्या सेकंदाला मिळालेला वेग पुढची पाच सेकंद कार्टला पळवतो, सहाव्या सेकंदाला मिळालेला वेग जवळजवळ काहीच पळवत नाही. त्यामुळं अंतर काढताना प्रत्येक क्षणाच्या त्वरणाला उरलेल्या वेळेनं गुणायला लागतं, म्हणजे 6 − t नं, आणि तशी बेरीज केली तरी ३६ च येतात. या कार्टला जोर सगळा सुरुवातीला मिळतो, म्हणून ती सरासरीपेक्षा पुढं. हाच आलेख उलटा असता, शून्यापासून ३ पर्यंत चढता, तर वेग तोच ९ आला असता पण अंतर फक्त १८.

(ट्रॅकच्या कडेच्या चुन्याच्या खुणा. फ्रेम थांबवलेली.)

खरं किती झालं ते बघू. कडेला दर मीटरला खूण आहे, टिचकीवरनं वेळ जुळवली आणि सहाव्या सेकंदाची फ्रेम थांबवली. पुढचं चाक ३६ च्या खुणेपाशी. आमचा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेतो आणि ९ च्या वेगात एका फ्रेममध्ये कार्ट ३६ सेंटीमीटर सरकते, तेव्हा एक फ्रेम इकडं तिकडं धरायलाच पाहिजे.

(लॅपटॉप. फोनचा कच्चा आलेख.)

आणि हा फोनचा कच्चा आलेख. असला झिपऱ्यांसारखा आलेख बघून पोरं घाबरली, मैदानातला प्रत्येक खडा याच्यात आलाय. पण हा थरथराट तेवढा घातक नाही. तो रेघेच्या वर जातो तेवढाच खाली येतो, बेरजेत बराचसा कटून जातो, आणि दुसऱ्यांदा बेरीज केली की आलेख आणखी गुळगुळीत होतो.

घातक आहे ते इथं, सुटायच्या आधीच्या सपाट तुकड्यात. कार्ट उभी आहे आणि फोन शून्य दाखवायच्या ऐवजी ०.०४ दाखवतोय. आलेखात तो दिसतसुद्धा नाही. फोन पाव अंशानं कललेला असला तरी गुरुत्वाकर्षणाचा एवढा वाटा पुढच्या दिशेत घुसतो. हा आकडा कधी वर कधी खाली होत नाही, एकाच बाजूनं साचत राहतो. वेगात चूक वेळेच्या पटीत, अंतरात वेळेच्या वर्गाच्या पटीत. सहा सेकंदात ०.७२ मीटर, म्हणजे आमच्या दोन फ्रेम. एका मिनिटात ७२ मीटर. दहा मिनिटं तोच फोन टेबलावर ठेवला तर कागदावर तो ७.२ किलोमीटर लांब गेलेला असतो आणि ताशी ८६ नं पळत असतो. विमानं, जहाजं, रॉकेटं असल्याच बेरजेवर वाट काढतात, त्यांचे सेन्सर फार भारी असतात आणि शक्य तिथं जीपीएसनं मधूनमधून दुरुस्ती करतात.

ओळखायचं कसं? कार्ट थांबल्यावर बेरजेतला वेग बघायचा. ब्रेकचं शूट आमच्याकडं नाही, कॅमेरा तेवढ्यात वळवता आला नाही, पण फोनची नोंद आहे. दहाव्या सेकंदाला कार्ट उभी आणि बेरीज म्हणते ०.४ मीटर प्रति सेकंद. ०.४ भागिले १०, ०.०४. आधीच्या सपाट तुकड्यातला आकडा तोच. मग प्रत्येक नोंदीतनं ०.०४ वजा केलं की काम झालं, फक्त हा कल मध्येच बदललेला नसला पाहिजे. कार्टला सस्पेन्शन नसतं म्हणून इथं चालून गेलं. स्कूटरवर हाच प्रयोग केला की पिकअप घेताना ती पुढनं उचलते, फोन कलतो आणि आलेखात खोटं त्वरण येतं.

(दुसरी फेरी. मुलगा फोनचं बटण दाबतोय.)

दुसऱ्या फेरीत हा बटण दाबायला एक सेकंद उशिरा पोचला. "सर, एका सेकंदानं काय होतंय?" त्याचं वाक्य माइकमध्ये स्पष्ट आलंय.

काय होतंय ते असं. सापडलेल्या पाच सेकंदांचं क्षेत्रफळ ६.२५ येतं, कारण पहिली साडेपाच चौकोनांची पट्टी गेली. शून्यापासून धरून अंतर काढलं तर २०.८ मीटर. आणि त्वरणाच्या आलेखात कुठंही चूक नाही, तो अगदी बरोबर आहे! नोंद सुरू होताना कार्ट किती वेगात होती हे त्वरणाला माहीतच नसतं. पुस्तकात इंटिग्रेशननंतर जो + C लिहितात आणि पेपरात जो विसरल्यामुळं अर्धा मार्क जातो, तो इथं १३.७५ मीटरचा आहे.

तो बाहेरनं आणायला लागतो. व्हिडिओत पहिल्या सेकंदाच्या आसपासच्या दोन खुणा धरल्या, मधल्या फ्रेम मोजल्या, वेग २.७५ च्या जवळ आला. पाच सेकंद गुणिले २.७५, १३.७५. त्यात २०.८ मिळवा, आणि बटण दाबायच्या आधी कापलेले १.४ मीटर मिळवा. छत्तीसला पाच सेंटीमीटर कमी, तेही आकडे गोल केल्यामुळं.