नाथषष्ठी: तिथीचे वर्तुळ आणि शकाची रेषा

(मंडळाच्या सिडनी येथील मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीतील सभासद आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

सण आणि काळ यांवर बोलावे, असे मला सांगण्यात आले. विषय फार मोठा आहे. म्हणून मी आपल्या मराठवाड्यातील एकाच तिथीवर बोलणार आहे. ती तिथी म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठी, पैठणची नाथषष्ठी.

पैठणची परंपरा या षष्ठीला पंचपर्वा म्हणते. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी, म्हणजे देवगिरीचे किल्लेदार, यांचा जन्म याच तिथीचा. त्यांना दत्तात्रेयांचा अनुग्रह झाला तोही याच तिथीला, नाथांवर त्यांनी कृपा केली तीही याच तिथीला, आणि पुढे त्यांनी देह ठेवला तोही याच तिथीला. शेवटी नाथांनी गोदावरीत समाधी घेण्यासाठी हीच तिथी निवडली. इतिहासाच्या अभ्यासकाला पाच घटना एकाच तिथीवर आलेल्या पाहून शंका येणार, आणि ती रास्तच आहे. पण परंपरेने इथे काय केले आहे, हेही पाहायला हवे. कित्येक दशकांवर पसरलेले दोन आयुष्यांचे सारे महत्त्वाचे क्षण तिने उचलून एका दिवसावर ठेवले. रेषेवर हे क्षण एकमेकांपासून दूर आहेत, वर्तुळावर ते एकाच ठिकाणी भेटतात. पाचव्या घटनेत तर नाथांनी स्वतःच हे केले, कारण गुरूंची तिथी हीच आपली तिथी व्हावी हा त्यांचा निर्णय होता, असे सांप्रदायिक मानतात.

आता रेषेकडे वळू. नाथांच्या समाधीचे वर्ष आपण बहुतेक ठिकाणी ‘शके १५२१, इसवी सन १५९९’ असे वाचतो. हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शकाचा इसवी सन काढताना चैत्रापासून साधारण पौषापर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारी उजाडल्यावर ७९, कारण मधे इंग्रजी वर्ष बदललेले असते पण शक चालूच असतो. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना. म्हणजे शके १५२१चा फाल्गुन इसवी सन १६०० मध्ये येतो, आणि १५९९चा फाल्गुन धरला तर शक १५२० होतो. यांतला कोणता आकडा खरा, यावर अभ्यासकांनी अवश्य वाद घालावा. पैठणला निघालेल्या दिंडीतल्या एकाही माणसाचे पाऊल मात्र त्यासाठी अडत नाही. वर्षाबद्दल घोळ असला तरी तिथीबद्दल कधीच घोळ नव्हता, कारण वर्ष नुसते लिहून ठेवलेले होते आणि तिथी दरवर्षी पाळली गेली.

याचा अर्थ आपल्याकडे रेषेचे भान नव्हते असा कुणी घेऊ नये. नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटच्या ओव्यांत तो काळ नोंदवला. तिथे शके १५०६ आहे, तारण संवत्सर आहे, भाद्रपदातली कपिलाषष्ठी आहे आणि गोदातीरावरचे प्रतिष्ठान, म्हणजे पैठणही आहे. शकाचा आकडा पुन्हा कधीच येत नाही. तारण संवत्सर दर साठ वर्षांनी येते. ते शके १९२६ला, म्हणजे २००४-०५ मध्ये, आपण जगलो आहोत. षष्ठी दर महिन्याला दोनदा येते. कपिलाषष्ठीला मात्र भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतिपात योग असे सगळे एकत्र जुळून यावे लागते. एक न परतणारा आकडा आणि लहानमोठी परतणारी चक्रे, या दोहोंच्या खुणा देऊन नाथांनी आपल्या कामाचा दिवस पक्का केला.

शकाच्या आकड्याचेही पैठणशी नाते आहे. पैठण ही सातवाहनांची राजधानी, आणि इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा हा शक आपण शालिवाहनाच्या नावाने ओळखतो. सातवाहनांनी स्वतः मात्र आपल्या लेखांत तो वापरला नाही. नाशिकच्या लेण्यांतील त्यांचे लेख राजाच्या कारकिर्दीच्या वर्षांनी काळ सांगतात. शक पश्चिमेकडच्या क्षत्रपांनी, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिस्पर्ध्यांनी चालवला आणि त्याला शालिवाहनाचे नाव कित्येक शतकांनंतर जोडले गेले. मला यात कमीपणा वाटत नाही. लोकांनी परक्या मोजणीला आपल्या गावचा राजा दिला आणि ती मोजणी आपली केली.

आता प्रत्यक्ष उत्सवात काय घडते ते सांगतो, कारण भूतकाळ वर्तमानात कसा येतो हे तिथे डोळ्यांना दिसते. गावातल्या नाथवाड्यात एक रांजण आहे. श्रीकृष्णाने श्रीखंड्या नावाच्या गड्याच्या रूपात नाथांच्या घरी बारा वर्षे पाणी भरले, ते याच रांजणात, अशी श्रद्धा आहे. देव कुठे आहे याचा दृष्टांत झालेला द्वारकेचा भक्त शोध घेत पैठणला आला आणि श्रीखंड्या दिसेनासा झाला, अशी ती कथा. दरवर्षी तुकाराम बीजेला, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीयेला, या रांजणात गोदावरीचे पाणी ओतायला सुरुवात होते. बायका, पुरुष, मुले घागरी, कळश्या घेऊन येतात. कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला तो भरेल हे कुणाला सांगता येत नाही. ज्याच्या घागरीने रांजण भरून पाणी बाहेर वाहते, त्याच्या रूपाने श्रीखंड्या येऊन गेला असे मानतात आणि त्या माणसाचा मान केला जातो.

या विधीची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. नाटकात श्रीखंड्याचे काम कुणी करायचे ते आधी ठरते. इथे ते ठरत नाही. घागर उचलणाऱ्या प्रत्येकाला, आपणच तो असू शकतो, हे ठाऊक असते, आणि पाणी काठावरून ओसंडेपर्यंत कुणालाच काही ठाऊक नसते. जुन्या घटनेतली एक जागा रिकामी ठेवलेली आहे आणि ती दरवर्षी एका जिवंत माणसाने भरायची आहे. पुढे षष्ठीला नाथवंशजांची निर्वाण दिंडी समाधीकडे जाते, सप्तमीला छबिना निघतो, अष्टमीला काला होतो आणि मग यात्रा उलगते. या सगळ्यांत लोक कथा ऐकतात आणि तिच्या वाटेने चालतातही. तरीही रांजणाइतका स्वच्छ नमुना मला दुसरा दिसत नाही.

हे सारे फाल्गुनातच राहते, त्याची व्यवस्था पंचांगात आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे असते, म्हणजे सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी कमी. २०२४ मध्ये नाथषष्ठी ३१ मार्चला होती, २०२५ मध्ये २० मार्चला आणि २०२६ मध्ये ९ मार्चला; प्रत्येक वेळी अकरा दिवस मागे. ही घसरण अधिक महिना थांबवतो. २०२३ची नाथषष्ठी १३ मार्चला होती. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि पुढची षष्ठी थेट ३१ मार्चवर गेली. म्हणून यात्रा रब्बीची सुगी आटोपत येण्याच्या आणि ऊन तापू लागण्याच्या दिवसांतच येते, शेतकऱ्याला दिंडीत निघायला सवड मिळते, आणि नदीचे पात्र इतके आटलेले असते की वारकऱ्यांच्या स्नानासाठी नाथसागरातून पाणी सोडावे लागते. याच जिल्ह्यात खुलताबादचा उरूस हिजरी महिन्यांवर चालतो. त्या गणनेत अधिक महिना नाही, त्यामुळे साधारण तेहतीस वर्षांत तो सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. एका जिल्ह्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या ही दोन्ही चक्रे ओळखत आली आहेत.

आपण इतक्या दूर राहतो, तेव्हा आपल्याला वेगळीच अडचण येते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. ती घटना साऱ्या जगात एकाच क्षणी घडते, पण दिवसाला तिथी मिळते ती त्या त्या गावच्या सूर्योदयावरून. २०२५ची षष्ठी भारतात १९ मार्चची मध्यरात्र उलटल्यावर साडेबाराच्या सुमारास लागली आणि २१ तारखेच्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास संपली. चंद्राची गती मंद असल्याने ती तब्बल सव्वीस तासांची होती. पैठणला तिने २० तारखेचा एकच सूर्योदय पाहिला. सिडनीत तेव्हा उन्हाळी वेळ चालू होती, म्हणजे फरक साडेपाच तासांचा. इथे षष्ठी २० तारखेला सकाळी सहाच्या सुमारास लागली आणि २१ला सव्वाआठपर्यंत राहिली. आपला सूर्योदय साताच्या आसपास. म्हणजे पैठणला जी तिथी साधी होती ती इथे दोन सूर्योदय पाहणारी, वृद्धी तिथी झाली, आणि नाथषष्ठी गुरुवारी की शुक्रवारी, हा प्रश्न पडणे साहजिक होते.

याचे उत्तर शास्त्रात आहे. पुण्यतिथीला सूर्योदयापेक्षा अपराह्ण महत्त्वाचा. दिवसाचे पाच भाग केले की त्यातला चौथा भाग म्हणजे अपराह्ण; इथे त्या दिवसांत तो दुपारी सव्वादोन ते पावणेपाचच्या दरम्यान येत होता. षष्ठी त्या वेळी फक्त २० तारखेला होती. म्हणून सिडनीतही गुरुवारच योग्य ठरला. घरच्या व्रताला आपल्या गावचा सूर्योदय धरावा, हे मला मान्य आहे. नाथषष्ठी ही पुण्यतिथी असल्यामुळे तिला हा दुसरा नियम लावावा, असे माझे मत आहे.

राहिला सुट्टीच्या दिवसाचा प्रश्न. आपण ‘नाथषष्ठी’ असे नाव देऊन सोयीच्या शनिवारी कार्यक्रम करतो, हे मला खटकते, कारण त्यामुळे तिथी नुसती निमित्तमात्र होते. उत्सव बीजेपासून अष्टमीपर्यंत चालतो, आणि शनिवार-रविवारच्या वाट्याला त्यातले जे अंग येईल तेच आपण त्या दिवशी करावे. २०२५ मध्ये शनिवार २२ मार्चला संध्याकाळी इथेही अष्टमी होती. त्या दिवशी काल्याचे कीर्तन ठेवणे पूर्ण बरोबर झाले असते. २०२६ची षष्ठी सोमवारी, आणि तिच्या आधीचे ७ व ८ मार्च बीज आणि षष्ठीच्या मधे येतात. तेव्हा पैठणला रांजण भरणे चालू असते, त्यामुळे त्या शनिवारी श्रीखंड्याच्या आख्यानाचे कीर्तन शोभते, आणि सोमवारची षष्ठी ज्याने त्याने घरी पाळायची.