ब्रॅकेट तोट्यात नव्हता

*(दृश्य : भोसरी एमआयडीसी, शुक्रवार, सकाळचे आठ. शटर वर जाते.)*

गुरुवार हा भोसरीच्या सुट्टीचा दिवस. शुक्रवारी सकाळी शटर उघडली की पुणे-नाशिक रस्त्यापर्यंत मशिनचा आवाज येऊ लागतो. या गल्लीतला हा एक छोटा कारखाना. दोन सीएनसी लेथ, एक ड्रिलिंग मशिन, फाइलिंगचं टेबल आणि मधोमध एकच व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलवरच्या टूलने धातू कोरणारं, भोकं पाडणारं संगणकी मशिन. मालकांच्या विनंतीवरून कारखान्याचं नाव सांगत नाही, आणि हिशेब ऐकताना लक्षात राहावा म्हणून आकडे गोल केलेत.

इथे तीन माल बनतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं पंप हाउसिंग. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेला मॅनिफोल्ड, म्हणजे आतून एकमेकांना छेदणाऱ्या भोकांचा ब्लॉक. आणि तळहाताएवढा साधा ब्रॅकेट.

दर महिन्याला मागणी येते ती अशी : ब्रॅकेट २,०००, मॅनिफोल्ड ४०० आणि हाउसिंग ६००. सगळा माल कधीच पुरा होत नाही. तिन्ही ग्राहकांचे फोन येतात, आणि सगळ्यात जास्त ओरडतो त्याचा माल आधी मशिनवर चढतो.

*(दृश्य : व्हीएमसीसमोर थप्पी लावलेले क्रेट. मागे एक लेथ बंद.)*

माल अडतो कुठे, ते इथे उभं राहिलं की दिसतं. व्हीएमसीसमोर छातीएवढी क्रेटची थप्पी आहे, आणि लेथवाला मोबाइल बघत बसलाय. त्याच्याकडे काम नाही, कारण त्याने करून ठेवलेला मालच पुढे सरकत नाही. पण नुसत्या थप्पीवर विश्वास ठेवू नये. लेथवाल्याने गरज नसताना माल काढून ठेवला तरी थप्पी लागते. म्हणून प्रत्येक मशिनवर किती वेळ लागणार आणि किती वेळ मिळणार, हे एकदा कागदावर मांडावं लागतं.

महिन्याचे तीस दिवस धरले आणि चार गुरुवार वजा केले, तर उरतात २६. दोन पाळ्यांचे रोज सोळा तास, म्हणजे ४१६. त्यातून सेटिंग, टूल बदलणं, बिघाड आणि चहा-जेवण गेलं की व्हीएमसी खरोखर ३५० तास चालते. मिनिटांत २१,०००. तिन्ही ग्राहकांची पूर्ण मागणी भागवायची तर हवीत ३०,००० मिनिटं. लेथवर मात्र गरजेच्या दीडपट वेळ उपलब्ध आहे. म्हणजे या कारखान्याचा महिना व्हीएमसीच्या मिनिटांनी मोजायचा.

*(दृश्य : ऑफिस. जुन्या हिशेबाचा छापील कागद.)*

मालकांकडे एक जुना हिशेब होता. भाडं, पगार, मशिनचा हप्ता असा महिन्याचा ठरलेला खर्च ४,२०,००० रुपये. तो त्यांनी ३,००० नगांवर सारखा वाटला. एका नगाला १४० रुपये आले.

ब्रॅकेट विकला जातो २६० रुपयांना. कास्टिंग, इन्सर्ट, वीज, पॅकिंग आणि टेम्पो मिळून जातात १७०. उरतात ९०. त्यातून १४० वजा केले की ५० रुपये तोटा. हाउसिंगमध्ये ४०० उरतात, मॅनिफोल्डमध्ये ७५०, म्हणजे ते दोन्ही फायद्यात. मालकांनी ठरवलं, ब्रॅकेट बंद.

त्यांची मुलगी कॉस्ट अकाउंटन्सीचा अभ्यास करते. तिने तो कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "बाबा, ब्रॅकेट बंद केला तर भाडं कमी होणार आहे का?"

होणार नव्हतं. पगारही कमी होणार नव्हते, कारण ऑपरेटरला पगार महिन्याचा आहे, नगाचा नाही. ते १४० रुपये ब्रॅकेटमुळे खर्च होत नव्हते, फक्त त्याच्या नावावर टाकलेले होते. काय बनवायचं हे ठरवताना ते बाजूला ठेवायचे आणि माल बनवला तरच होणारा खर्च तेवढा किमतीतून वजा करायचा. जे उरतं त्याला पुस्तकात अंशदान म्हणतात, या गल्लीत 'हातात उरलेले' म्हणतात.

पण हातात उरलेल्या पैशांतही ब्रॅकेट तळालाच आहे. ९० कुठे आणि ७५० कुठे! हिशेब करणारे पुष्कळ लोक इथेच थांबतात. खरी पायरी याच्या पुढची आहे. ते पैसे मिळवायला व्हीएमसीची किती मिनिटं द्यावी लागली?

*(दृश्य : स्टॉपवॉच. व्हीएमसीचं दार उघडतं, बंद होतं.)*

मिनिटं मोजायला मालकांची मुलगी दिवसभर मशिनपाशी उभी राहिली. सेटर म्हणाले, "ताई, कशाला उभी राहतेस? प्रोग्रॅममध्ये सायकल टाइम लिहिलेलाच आहे. ब्रॅकेट दोन मिनिटं."

"काका, दार उघडल्यापासून परत उघडेपर्यंत मोजते."

पाहा आता. दार उघडलं. ऑपरेटर जॉब सोडवतो, हवा मारून चिप उडवतो, जॉब पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरची बैठक पुसतो, नवा जॉब बसवतो, क्लॅम्प आवळतो, दार लावतो. एक मिनिट गेलं. त्या मिनिटात स्पिंडल फिरत नाही, पण मशिन दुसऱ्या कोणाच्या कामालाही येत नाही. म्हणून ब्रॅकेटची मिनिटं तीन. मॅनिफोल्डचं कटिंग २९ मिनिटं, त्यात एक मिळवलं की ३०. हाउसिंगची सगळी मिळून २०. मोठ्या जॉबला ते एक मिनिट जाणवतसुद्धा नाही. ब्रॅकेटमध्ये तेच तिसरा हिस्सा खातं.

आता भागाकार. ब्रॅकेटचे ९० भागिले ३, मिनिटाला ३० रुपये. मॅनिफोल्डचे ७५० भागिले ३०, मिनिटाला २५. हाउसिंगचे ४०० भागिले २०, मिनिटाला २०. ज्याला बंद करायला निघाले होते, तोच पहिला आला.

या क्रमाने मिनिटं वाटू. आधी सगळे २,००० ब्रॅकेट, मग सगळे ४०० मॅनिफोल्ड, आणि उरलेल्या ३,००० मिनिटांत १५० हाउसिंग. हातात उरतात ५,४०,०००. ब्रॅकेट बंद करून तेवढ्याच मिनिटांत ४०० मॅनिफोल्ड आणि ४५० हाउसिंग केली असती, तर उरले असते ४,८०,०००. दोन्हींतून ठरलेले ४,२०,००० वजा करा. एकीकडे नफा १,२०,०००, दुसरीकडे ६०,०००. मशिन तेच, माणसं तीच, तास तेवढेच.

*(दृश्य : हाउसिंगचा क्रेट टेम्पोत चढतो.)*

कागदावरचा हा क्रम कारखान्यात जसाच्या तसा आला नाही. हाउसिंगचा ग्राहक सगळ्यात जुना. कारखाना उभा राहिला तेव्हा पहिली ऑर्डर त्यानेच दिली, आणि महिन्याला ३०० नग देण्याचा शब्द त्याला दिलेला आहे. मालक म्हणाले, "शब्द मोडणार नाही."

मला हा हट्ट चुकीचा वाटत नाही. फक्त त्याची किंमत माहीत असावी. ३०० हाउसिंगची ६,००० मिनिटं आधी बाजूला काढली आणि उरलेली ब्रॅकेट व मॅनिफोल्डला दिली, तर मॅनिफोल्ड ३०० वर येतात आणि हातात ५,२५,००० उरतात. म्हणजे शब्द पाळायला महिन्याला १५,००० रुपये पडतात. मालकांनी हा आकडा ऐकला, मान डोलावली आणि शब्द कायम ठेवला.

*(दृश्य : बाकावर दुसरी फिक्स्चर प्लेट. मशिन चालू असताना तिच्यावर जॉब आवळले जातात.)*

मग सेटरकाकांनी एक गोष्ट केली. ब्रॅकेटसाठी दुसरी फिक्स्चर प्लेट बनवली. मशिन एका प्लेटवरचे जॉब कापत असताना दुसऱ्या प्लेटवर बाहेर नवे जॉब बसवायचे, आणि दार उघडलं की फक्त प्लेट बदलायची. एका ब्रॅकेटमागे ४५ सेकंद वाचले.

पंचेचाळीस सेकंद, गुणिले २,००० नग. महिन्याला १,५०० मिनिटं. तेवढ्यात आणखी ५० मॅनिफोल्ड निघतात, म्हणजे ३७,५०० रुपये. हेच ४५ सेकंद लेथवर वाचवले असते तर एक रुपयाही वाढला नसता, लेथवाला मोबाइलवर थोडा जास्त बसला असता.

याच आकड्यातून आणखी एक उत्तर मिळतं. व्हीएमसीचा एक जादा तास म्हणजे दोन मॅनिफोल्ड, १,५०० रुपये. रात्री मशिन चालवायला ऑपरेटरला दुप्पट दराने ओव्हरटाइम दिला, तरी तो जादा खर्च १,५०० च्या आत आहे तोवर रात्रपाळी परवडते. पण मॅनिफोल्डची मागणी ४०० वर संपते. उरलेले ५० नग २५ तासांत होतात. पुढच्या तासाला हाउसिंगच करावं लागतं, तासाला तीन. मग त्या तासाचं मोल १,२०० होतं.

*(दृश्य : फाइलिंगचं टेबल. मॅनिफोल्डच्या आतल्या भोकात बारीक कानस फिरते.)*

आणि कॅमेरा इथे वळतो, कारण क्रेटची थप्पी आता इथे लागू लागली आहे. दोन बायका डिबरिंग करतात. मॅनिफोल्डच्या आत जिथे भोकं एकमेकांना भेटतात तिथे धातूची बारीक कुसळं राहतात. एक जरी राहिलं तरी पुढे तेलाबरोबर वाहून व्हॉल्व्हमध्ये अडकतं. म्हणून एका मॅनिफोल्डला २५ मिनिटं, हाउसिंगला १०, ब्रॅकेटला ४. दोघींचे रोजचे प्रत्येकी सात तास, महिन्याला २१,८४० मिनिटं.

रात्रपाळीने सगळे ४०० मॅनिफोल्ड झाले की २,००० ब्रॅकेट आणि ३०० हाउसिंग धरून या टेबलावर २१,००० मिनिटं लागतात. शिल्लक ८४०. त्यात आणखी ८४ हाउसिंग बसतात, आणि तेवढी काढायला व्हीएमसीचे २८ तास लागतात. म्हणजे रात्रीचे २५ अधिक २८, असे ५३ तास कामाचे. त्यानंतर व्हीएमसीने काढलेला माल नुसता टेबलाशी पडून राहील.

आता टेबलाच्या मिनिटाने भागून पाहा. ब्रॅकेटचे मिनिटाला साडेबावीस. मॅनिफोल्डचे ३०. हाउसिंगचे ४०. क्रम पूर्ण उलटा झाला. जे शेवटी होतं ते पहिलं, आणि पहिला ब्रॅकेट तळाला.

व्हीएमसी आणि टेबल दोन्ही एकाच वेळी अपुरी पडली, तर एका भागाकाराने क्रम लागत नाही. मग दोन्ही मर्यादा एकत्र मांडून गणित सोडवावं लागतं. १९३८ मध्ये लेनिनग्राडच्या कांतोरोविच या तरुण गणितज्ञापुढे प्लायवूड ट्रस्टच्या प्रयोगशाळेने असाच प्रश्न ठेवला होता, कोणत्या मशिनवर कोणतं लाकूड सोलायचं. असे प्रश्न सोडवायची सोय आज एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये आहे.

इथे मात्र तिची गरज पडली नाही. दुसरी व्हीएमसी घ्यायची तर पुन्हा बँकेत जावं लागलं असतं. डिबरिंगला एक माणूस वाढवायचा तर गल्लीतच मिळतो.

*(दृश्य : टेबलावर तिसरा दिवा लागतो. तिसरी खुर्ची.)*

सोमवारपासून एक ताई नवीन आल्यात. आज त्या फक्त ब्रॅकेट घेतायत. मॅनिफोल्डच्या आत बोट फिरवून कुसळ ओळखायला महिनाभर तरी जाईल, असं शेजारच्या मावशी म्हणतात.