मेरठच्या छावणीचा नकाशा कसा वाचायचा?

[कॅमेऱ्याकडे पाहून]

नमस्कार. साताऱ्यात सदर बाजार आहे, सोलापुरात आहे, जालन्यातही आहे. गावात हे नाव दिसलं की तिथं बहुतेक इंग्रजांची छावणी होती असं समजा. ती छावणी नुसती सैन्य राहण्याची जागा नव्हती. कोण कुठं राहील, कुणाची नजर कुणावर असेल आणि हत्यार कुणाच्या हाताशी असेल, हे तिच्या आखणीतच ठरलेलं असे. मेरठचं उदाहरण घेऊ, कारण तिथं या आखणीची एका संध्याकाळीच परीक्षा झाली.

[नकाशा: १८५७ चं मेरठ]

नकाशावर आधी आबू नाला शोधा. नाल्याच्या उत्तरेला गोऱ्या पलटणी आणि त्यांच्या बराकी. दक्षिणेला हिंदी शिपायांच्या लाइनी. सदर बाजारही याच बाजूला, शिपायांना जवळचा. गोऱ्यांच्या बराकी सरकार बांधून देई. शिपायाला मात्र झोपडीसाठी भत्ता मिळे आणि माती-गवताची झोपडी तो स्वतः उभी करे.

आता शिपायांच्या लाइनी जवळून पाहा. एका कंपनीला झोपड्यांची एक रांग, दहा कंपन्यांच्या दहा रांगा. रांगांच्या तोंडाशी मोकळं परेड ग्राउंड. मैदान आणि झोपड्या यांच्या मध्ये प्रत्येक कंपनीची एक छोटी पक्की कोठी. तिला म्हणत 'बेल ऑफ आर्म्स'. बंदुका त्या कोठीत, झोपडीत नाही. म्हणजे शिपाई झोपे एकीकडे आणि त्याची बंदूक कुलपात दुसरीकडे, तीही उघड्या मैदानाच्या कडेला, जिथं जाणारा माणूस लपून राहू शकत नाही. माझ्या मते सगळ्या नकाशात सर्वांत बोलकी खूण हीच आहे. जुन्या नकाशात झोपड्यांच्या रांगांपुढं ठिपक्यांची एक ओळ दिसली तर ती नीट पाहा.

परेड ग्राउंड कवायतीसाठी होतं, पण दाखवण्यासाठीही होतं. ९ मे १८५७ रोजी गोऱ्यांच्या परेड ग्राउंडवर सगळी छावणी उभी केली गेली. काडतुसं घ्यायला नकार दिलेल्या ३ऱ्या घोडदळाच्या ८५ जणांचे गणवेश उतरवले आणि सगळ्यांसमोर पायांत बेड्या ठोकल्या. हिंदी पलटणींना ते उभं राहून पाहावं लागलं, समोर गोऱ्या पलटणी आणि तोफा होत्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, सदर बाजारात बातमी पसरली की गोरे हत्यारं काढून घ्यायला येताहेत. बाजार शिपायांच्या जवळ, त्यामुळं ती लाइनीत पोचायला वेळ लागला नाही. शिपायांनी कोठ्या फोडून बंदुका घेतल्या. गोऱ्या पलटणी लांब, नाल्यापलीकडं. तयार होऊन त्या शिपायांच्या परेड ग्राउंडवर आल्या तेव्हा मैदान जवळजवळ रिकामं होतं. शिपाई दिल्लीच्या वाटेला लागले होते. जे अंतर गोऱ्यांच्या संरक्षणासाठी ठेवलं, त्यानंच त्यांना उशीर करवला. मात्र सगळा दोष अंतराला देऊ नका. गोऱ्या पलटणींची हजेरी घेण्यात आणि वरिष्ठांच्या दिरंगाईतही वेळ गेला. नकाशा वाचताना नेहमीची चूक हीच होते: प्रत्येक रेघेमागं एखादी योजना शोधली जाते. बाजारापासून लांब बराकी ठेवण्यामागं रोगाची भीतीही होती. तेव्हा दुर्गंधीनं आजार होतो असा समज होता.

१८५७ नंतर पकड आणखी घट्ट झाली. तोफखाना जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांच्या हाती ठेवला. १८६४ च्या कँटोन्मेंट कायद्यानं बाजाराची स्वच्छता आणि तिथला वेश्याव्यवसाय दोन्ही छावणीच्या अधिकाराखाली आणले.

[हातात कागद]

आता नकाशात न दिसणारी गोष्ट: जमीन कुणाची? बंगाल इलाख्यात १८३६ च्या १७९ क्रमांकाच्या आदेशानं छावणीतली जमीन सरकारची राहिली. बंगला तुमचा, पण एक महिन्याची नोटीस देऊन आणि परवानगीनं बांधलेल्या बांधकामाची किंमत देऊन सरकार जागा परत घेऊ शके. सैन्याबाहेरच्या माणसाला बंगला विकायचा तर कमांडिंग ऑफिसरची लेखी संमती लागे. घेणारा हिंदी असेल आणि किंमत ५,००० रुपयांच्या वर असेल, तर सरकारची मंजुरी मिळेपर्यंत विक्री थांबे. म्हणजे शेजारी कोण येणार हे भिंत न बांधता ठरत होतं.

डोंगरावर हेच काम उंची करते. सिमल्यात वर रिज आणि मॉल, खाली उतारावर दाटीचा लोअर बाजार. मॉलवर घोडागाडी फक्त व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचे गव्हर्नर यांना नेता येई. बाकीचे पायी, घोड्यावर किंवा माणसांनी ओढलेल्या रिक्षात.

तुमच्या गावच्या छावणीचा जुना नकाशा मिळाला तर आधी बंदुकांची कोठी शोधा, मग तिथून जवळच्या झोपडीपर्यंत आणि जवळच्या बराकीपर्यंत किती पावलं पडतात ते मोजा.